उशिरा आलेल्या मासळीचा हिशोब

उपाहारगृहांच्या खरेदीचे हिशोब पाहणं हे माझं काम, त्यामुळे मालकांनी पुरवठादारांना रागाच्या भरात लिहिलेले मेल बरेच वाचनात येतात. ‘तुमच्यामुळे आज आमचं गिऱ्हाईक परत गेलं, असला प्रकार यापुढे खपवून घेतला जाणार नाही, योग्य ती दखल घ्यावी’ असा त्यांचा सूर असतो. राग खरा असतो आणि बहुतेक वेळा रास्तही असतो. पण माल किती वाजता यायचा होता, किती वाजता आला, त्यातला कोणता खराब निघाला, किती किलो, आणि त्याचे किती रुपये वळते करून हवेत, यातलं काहीच त्यात नसतं. पुरवठादार दोन ओळींत दिलगिरी कळवतो आणि महिनाअखेरीला बिल एक रुपयाही कमी न होता हातात पडतं.

नाशवंत माल उशिरा आला तर झालेलं नुकसान खात्यात जमा करून मागता येतं. त्यासाठी पुरवठादार जी चिठ्ठी देतो तिला व्यवहारात क्रेडिट नोट म्हणतात. ती कशी मिळवायची हे मासळीच्या उदाहरणावरून पाहू. भाजी, दूध, चिकन यांनाही बराचसा हाच हिशोब लागू पडतो; मासळी निवडली ती एवढ्यासाठी, की तिथे तासांचा हिशोब सगळ्यांत कडक असतो.

पुण्यातलं साठ खुर्च्यांचं एक मालवणी जेवणाचं उपाहारगृह आहे असं समजू. मासळी मुंबईच्या ससून डॉकवरून येते. पुरवठादार पहाटेच्या लिलावात माल घेतो, बर्फात भरतो आणि टेम्पोने पुण्याला पोचवतो. भाव ‘पोहोच’ ठरलेला आहे, म्हणजे वाहतूक पुरवठादाराची. आदल्या रात्री पावणेदहाला व्हॉट्सॲपवर ऑर्डर गेली: सुरमई १८ किलो, पापलेट १० किलो, कोळंबी १२ किलो, बांगडा १५ किलो, ‘सकाळी ८.३० पर्यंत मागच्या दाराला’. सुरमई ९०० रुपये किलो, पापलेट १,२००, कोळंबी ५५०, बांगडा २८०. एकूण बिल ३९,००० रुपयांचं.

साडेआठ वाजले, टेम्पो नाही. सव्वानऊला फोन केला तर ‘घाटात अडकलाय, अर्ध्या तासात येतो’ असं उत्तर. सव्वादहाला पुन्हा तेच. साडेअकराला जेवण सुरू होणार, म्हणून मालकांनी माणूस गणेश पेठेतल्या मासळी बाजारात पाठवला आणि निदान सुरमईची थाळी चालू राहावी म्हणून १,०८० रुपये भावाने ५ किलो सुरमई आणली. टेम्पो आला तेव्हा बारा वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

इथून पुढची दहा मिनिटं मेलपेक्षा महत्त्वाची आहेत. दुपारच्या घाईत साधारण काय होतं? टेम्पोवाला खोके उतरवतो, कुणीतरी पोऱ्या चलनावर सही ठोकतो, खोके आत जातात आणि गर्दी ओसरल्यावर तीन वाजता वस्ताद बांगड्याचा खोका उघडतो. तोवर टेम्पो पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेलेला असतो. चलनावर ‘माल बरोबर मिळाला’ असं छापलेलं असतं आणि खाली आपल्याच माणसाची सही असते. तीननंतर लिहिलेल्या मेलला पुरवठादाराचं उत्तर ठरलेलं: ‘आमच्याकडून माल चांगलाच आला होता, तुमच्याकडे बाहेर राहिला असेल.’ त्यावर आपल्याकडे बोलायला काही उरत नाही.

म्हणून खोका आत जाण्याआधी तपासायचा, टेम्पोवाल्याच्या समोर. डोळा, कल्ला आणि बोट ही जुनी तपासणी आजही उत्तम आहे. ताज्या मासळीचा डोळा फुगीर आणि स्वच्छ असतो, शिळीचा आत बसलेला आणि दुधट. कल्ले लालबुंद असावेत. विटकरी किंवा राखाडी झाले की दिवस उलटले. मांस बोटाने दाबलं तर लगेच वर आलं पाहिजे. कोळंबीचं डोकं काळं पडायला लागलेलं असेल, ते धडापासून सैल झालं असेल आणि नाकाला अमोनियाचा झणका येत असेल, तर तो खोका परत.

पण मेलमध्ये ‘कल्ले फिकट वाटले’ असं लिहिलं तर त्यावर वाद घालता येतो. तापमानाच्या आकड्यावर तसा वाद घालता येत नाही. टोचून तापमान दाखवणारा थर्मामीटर बाजारात सहज मिळतो, आणि नाशवंत माल घेणाऱ्या प्रत्येक मागच्या दाराला तो खिळ्यावर टांगलेला असायला हवा. त्याची सुई बर्फाला लावायची नाही. खोक्याच्या मधोमध, दोन मासळ्यांच्या बेचक्यात घालायची, आणि सुरमईसारखी मोठी मासळी असेल तर तिच्या सगळ्यांत जाड भागात, काट्याजवळ टोचायची. आकडा स्थिरावला की खोक्यासकट फोटो काढायचा. थर्मामीटर खरं बोलतो का, हे पाहायला बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी एकत्र करून त्यात सुई धरावी. शून्य दाखवलं की झालं.

आमच्या उदाहरणात सुरमई आणि पापलेट यांचे खोके बर्फाने भरलेले होते, आत ३ अंश. कोळंबीचे सहा-सहा किलोंचे दोन खोके होते. एक ४ अंशांवर आणि ठणठणीत, दुसरा ९ अंशांवर, डोकी काळी पडलेली. बांगड्याच्या खोक्यात बर्फ जवळपास संपलेला, खाली गुलाबी पाणी साचलेलं आणि आकडा ११.५. टेम्पो एकच आणि उशीरही सगळ्यांना सारखाच, तरी मालाची अवस्था वेगवेगळी. मासळी खराब होण्याचं कारण उशीर नसून ऊब आहे, हे इथे नीट दिसतं. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढ्यात तीसेक अंशांवरची साधारण तीन किलो मासळी शून्यावर येते. पण तेवढाच बर्फ भरला तर प्रवासात बाहेरून येणाऱ्या उष्णतेसाठी काहीच शिल्लक राहत नाही, म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात लांबच्या वाटेला मासळीएवढाच बर्फ भरण्याचा रिवाज आहे. बांगडा स्वस्त, त्यामुळे त्याच्यावर बर्फ घालताना हात आखडला जातो. वेळेवर आला असता तर कदाचित निभावला असता. चार तास जास्त लागले आणि बर्फ पुरला नाही.

ऊब किती महाग पडते, याचा एक ढोबळ हिशोब मासळीच्या अभ्यासकांनी बसवलेला आहे. शून्य अंशावर मासळी ज्या वेगाने खराब होते, त्याच्या साधारण चौपट वेगाने ती १० अंशांवर होते. म्हणजे १० अंशांवर काढलेले तीन तास बर्फातल्या अर्ध्या दिवसासारखे. नंतर फ्रीजमध्ये टाकून पुढचं नुकसान थांबतं, झालेलं भरून येत नाही.

बांगड्याच्या बाबतीत तर प्रश्न चवीपुरता राहत नाही. बांगडा, कुपा, तारली, सुरमई या मासळ्यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासळी उबेत राहिली की काही जिवाणू त्याचं हिस्टामिन बनवतात. ते पोटात गेलं की थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात. लोक म्हणतात, ‘मासळी बाधली.’ हिस्टामिन शिजवून जात नाही, तळून जात नाही, गोठवूनही जात नाही. शिवाय पुष्कळदा मासळीला वाईट वासही येत नसतो. टेम्पोवाला म्हणतो, ‘घ्या की साहेब, वास कुठे येतोय? फ्रीजमध्ये टाका, तासाभरात कडक होईल.’ तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच वास येत नसतो. म्हणूनच ११.५ हा आकडा नाकापेक्षा महत्त्वाचा. अशा बांगड्याचं तिखलं करून खपवण्याचा मोह मालकाने होऊ देऊ नये. गिऱ्हाइकाला त्रास झाला तर जाब त्यालाच द्यावा लागणार आहे.

आता कायद्याचं थोडं, कारण मेलचं बळ तिथून येतं. वस्तुविक्रीचा आपला कायदा १९३० सालचा आहे. आलेला माल तपासून पाहण्याचा हक्क तो घेणाऱ्याला देतो. मात्र माल आत घेऊन वाजवी वेळात नकार कळवला नाही, किंवा मालाचा आपलाच असल्यासारखा वापर केला, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. मासळीच्या बाबतीत वाजवी वेळ म्हणजे दिवस नव्हेत, फार तर काही तास. आणि वापर म्हणजे नाकारलेल्या खोक्यातले चार बांगडे वस्तादाने तव्यावर टाकले, एवढंही पुरतं. नाकारलेला खोका वेगळा ठेवायचा, वर बर्फ घालायचा आणि ‘परत’ अशी चिठ्ठी लावायची. तो स्वखर्चाने मुंबईला पोचवण्याची जबाबदारी मात्र कायदा आपल्यावर टाकत नाही. माल नाकारत आहोत हे कळवलं की पुरे. टेम्पोवाल्याने तिथल्या तिथे परत नेला तर उत्तमच.

उशिराचं कलम वेगळ्या कायद्यात आहे, १८७२ च्या करार कायद्यात. ठरलेल्या वेळेला काम झालं नाही आणि वेळ हाच कराराचा गाभा होता, तर समोरच्याला करार मोडता येतो. पण त्याने उशिरा आलेला माल घेतला, तर उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई नंतर मागता येत नाही. अपवाद एकच, माल घेतानाच ‘भरपाई मागणार आहे’ असं त्याने कळवलेलं असलं पाहिजे. हे ५५वं कलम. कितीतरी वाजवी तक्रारी या एका अटीवर अडतात. मालक माल ठेवून घेतो, रात्री शांतपणे मेल लिहितो आणि कळवण्याची वेळ निघून गेलेली असते. यावर उपाय अगदी छोटा आहे. टेम्पो दारात असतानाच पुरवठादाराला व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवायच्या. आमच्या उदाहरणात १२.५८ ला गेलेला निरोप असा होता: ‘माल १२.५० ला आला. सुरमई, पापलेट आणि कोळंबीचा एक खोका ठेवून घेत आहोत. बांगडा आणि कोळंबीचा दुसरा खोका परत. उशिरामुळे झालेला जादा खर्चही मागणार आहोत. सविस्तर मेल आजच पाठवतो.’ सोबत चार फोटो. चलनावर पोचण्याची वेळ, परत केलेल्या मालाचं वजन आणि तापमान हाताने लिहून त्याखाली टेम्पोवाल्याची सही घेतली.

एवढं झाल्यावर संध्याकाळचा मेल सोपा होतो. तो असा लिहिता येईल:

‘विषय: आजच्या मासळीबाबत तक्रार व ८,७०० रुपयांच्या क्रेडिट नोटची मागणी

स.न.वि.वि.

काल रात्री ९.४५ वाजता दिलेल्या ऑर्डरप्रमाणे माल आज सकाळी ८.३० पर्यंत पोहोच मिळायचा होता. तो दुपारी १२.५० वाजता मिळाला. वेळेची नोंद चलनावर असून त्यावर आपल्या वाहनचालकाची सही आहे.

माल उतरवतानाच तपासला. बांगडा, १५ किलो, तापमान ११.५ अंश, बर्फ वितळलेला. कोळंबीचा एक खोका, ६ किलो, तापमान ९ अंश, डोकी काळी पडलेली व अमोनियाचा वास. हे दोन्ही नाकारून त्याच गाडीने परत पाठवले. सुरमई, पापलेट व कोळंबीचा दुसरा खोका योग्य स्थितीत होता, तो ठेवून घेतला आहे; त्याबद्दल तक्रार नाही.

माल वेळेवर न आल्याने दुपारच्या जेवणासाठी ५ किलो सुरमई बाजारातून १,०८० रुपये भावाने घ्यावी लागली. आपला भाव ९०० रुपये आहे. फरकाची रक्कम ९०० रुपये आणि आणण्याचे रिक्षाभाडे ३०० रुपये. ही मागणी करणार असल्याचे माल घेतानाच, १२.५८ वाजता कळवले आहे.

नाकारलेला बांगडा ४,२०० रुपये, कोळंबी ३,३०० रुपये, भावातील फरक ९०० रुपये, भाडे ३०० रुपये, एकूण ८,७०० रुपये. या रकमेची क्रेडिट नोट येत्या शनिवारपर्यंत द्यावी, म्हणजे या आठवड्याच्या हिशोबात ती वळती करून बाकी रक्कम नेहमीप्रमाणे सोमवारी देता येईल.

सोबत चलनाची प्रत, तापमानाचे फोटो, बाजारातील खरेदीची पावती व रिक्षाभाड्याची नोंद जोडली आहे. बांगडा व कोळंबी यांच्या खोक्यांत बर्फ कमी का पडला, हे कृपया पाहावे.

आपला,’

यात ‘अत्यंत निष्काळजीपणा’ नाही, ‘यापुढे संबंध ठेवणार नाही’ ही धमकीही नाही. पुरवठादाराच्या बाजूने विचार करा. हा मेल वाचून त्याला काय करायचं ते कळतं: आपल्या टेम्पोवाल्याला विचारायचं, फोटो पाहायचे, एक रक्कम आहे ती मान्य किंवा अमान्य करायची. चांगला माल चांगला होता असं स्वच्छ लिहिलं असल्यामुळे वाईट म्हटलेल्यावरही त्याचा विश्वास बसतो. सगळ्यांत मुख्य म्हणजे खराब निघालेला माल आणि उशिरामुळे करावा लागलेला खर्च या दोन गोष्टी वेगवेगळ्या मांडल्या आहेत. त्या एकात कालवल्या की पुरवठादार ‘घाटातल्या वाहतुकीला मी काय करू’ एवढं एकच उत्तर देऊन दोन्हींतून सुटायला बघतो. घाट अडला हे उशिराचं कारण झालं. बर्फ कमी का भरला याचं ते उत्तर नाही.

बाजारातल्या सुरमईचे पूर्ण ५,४०० रुपये का मागितले नाहीत, असं पुष्कळजण विचारतात. कारण ती सुरमई विकली गेली आणि तिचे पैसे गल्ल्यात आले. पुरवठादाराची १८ किलोही ठेवून घेतलेली आहे, ती बर्फात नीट राहील आणि रात्री, उद्या खपेल. खरं नुकसान किलोमागे १८० रुपयांचंच. पूर्ण रक्कम मागितली असती तर पुरवठादाराने ती नाकारली असती आणि बाकीच्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडाला असता.

मग बुडालेल्या धंद्याचं काय? त्या दुपारी बांगड्याची आणि कोळंबीची थाळी फळ्यावरून पुसावी लागली, काही लोक बसलेले उठून गेले. मालकांचा अंदाज पंधरा हजारांचा होता आणि तो मेलमध्ये घालावा असा त्यांचा आग्रहही होता. तो घातला नाही, याला जुना आधार आहे. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरच्या एका पिठाच्या गिरणीचा दांडा मोडला. नवा घडवायला नमुना म्हणून तो मोडका दांडा वाहतूकदाराबरोबर पाठवला, वाहतूकदाराने उशीर केला आणि तेवढे दिवस गिरणी बंद राहिली. गिरणीवाल्यांनी बुडालेला नफा मागितला. १८५४ साली न्यायालयाने तो नाकारला. दांड्यावाचून गिरणी बंद पडून राहणार आहे, हे वाहतूकदाराला सांगितलेलंच नव्हतं, मग त्या नुकसानीचा भार त्याच्यावर कसा टाकायचा? हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल नावाने हा खटला आजही कायद्याच्या वर्गात शिकवतात. आपल्या करार कायद्याच्या ७३व्या कलमात हेच तत्त्व आहे: सहजक्रमाने होणारं नुकसान मिळतं, किंवा करार करताना दोघांनाही ठाऊक असलेलं, दूरचं, आडवाटेचं मिळत नाही. नुकसान कमी करण्यासाठी आपल्या हाताशी काय उपाय होता हेही त्या कलमाप्रमाणे पाहिलं जातं. म्हणून सव्वादहाला बाजारात माणूस पाठवणं हे धंद्याच्या दृष्टीने जितकं शहाणपणाचं, तितकंच मागणीच्या दृष्टीनेही.

मासळीच्या पुरवठादाराला आपलं उपाहारगृह आहे हे ठाऊक असतं, त्यामुळे नफा कधीच मागता येणार नाही असं म्हणता येत नाही. पण किती लोक उठून गेले, ते काय खाणार होते आणि त्यातून किती सुटलं असतं, हे कागदावर दाखवता येत नाही. आणि जे दाखवता येत नाही ते मागितलं की दाखवता येणारंही लांबणीवर पडतं. बुडणारा धंदा मोठा असेल, समजा साखरपुड्याचं दोनशे ताटांचं जेवण घेतलंय, तर ते ऑर्डरमध्येच लिहावं: ‘उद्या दुपारी दोनशे ताटांचं जेवण आहे, मासळी ८.३० ला न आल्यास ते रद्द होईल.’ मग पुरवठादाराला ते माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही.

एक मर्यादा ध्यानात असू द्या. वरचं सगळं उदाहरण ‘पोहोच’ भावाचं आहे. स्वस्त पडतं म्हणून कित्येक उपाहारगृहं माल डॉकवरच विकत घेतात आणि स्वतः ठरवलेल्या टेम्पोने आणतात. तिथे माल टेम्पोत चढला की तो साधारणपणे घेणाऱ्याचा झाला असं मानलं जातं आणि वाटेतली जोखीमही त्याच्याकडे जाते. मग मेल मासळीवाल्याला लिहून फारसा उपयोग नाही, तो टेम्पोवाल्याला लिहावा लागतो. किलोमागे दहा-वीस रुपये वाचवताना आपण नेमकं काय विकत घेतोय, हे त्या क्षणी बहुतेकांच्या डोक्यात नसतं.

रोख परतावा न मागता क्रेडिट नोट का मागायची, तेही सांगतो. हा धंदा चालू खात्यावर चालतो. आठवड्याला किंवा पंधरवड्याला हिशोब होतो. पुरवठादाराला खिशातून पैसे काढून देणं जड जातं, पुढच्या बिलातून कमी करणं तेवढं जड जात नाही. आपण होऊन बिलातून रक्कम कापून उरलेली पाठवली, तर त्याच्या वहीत आपल्या नावावर तेवढी बाकी दिसत राहते आणि सहा महिन्यांनी तिचं भांडण होतं. क्रेडिट नोट आली की दोन्हीकडच्या वह्या एक होतात. ताज्या किंवा बर्फातल्या मासळीवर जीएसटी नाही, त्यामुळे आमच्या उदाहरणात प्रश्न नुसत्या रकमेचा आहे. पण कर लागलेला माल परत गेला, तर पुरवठादाराला तो कर कमी करून घ्यायला क्रेडिट नोटच काढावी लागते, आणि तीही आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरच्या आत विवरणात दाखवावी लागते. गिऱ्हाइकाकडून ५ टक्के कर घेणाऱ्या साध्या उपाहारगृहाला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, म्हणजे तो कर त्याच्या खर्चातच जातो. तेव्हा अशा मालाची क्रेडिट नोट मागताना रक्कम करासकट मागावी. हे पुष्कळजण विसरतात.

उदाहरणातल्या पुरवठादाराचं उत्तर दोन दिवसांनी येतं असं धरू. बांगडा आणि कोळंबी याबद्दल तो वाद घालत नाही, कारण टेम्पोवाल्याची सही आहे आणि माल त्याच्याच गाडीतून परत आलेला आहे. भावातला फरक तो पावती पाहून मान्य करतो. रिक्षाभाड्याला मात्र तो नाही म्हणतो: ‘शेठ, तेवढं तुमचं तुम्ही बघा.’ मागणी योग्यच आहे, तरी तीनशे रुपयांवरून चार मेल लिहिण्यात अर्थ नाही, आणि सलोख्याने सोडायला सगळ्यांत लहान आकडा हाच आहे. ८,४०० रुपयांची क्रेडिट नोट येते. सोमवारी ३९,००० ऐवजी ३०,६०० रुपये जातात. याच्या जोडीने मागावी अशी आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते ती पैशांहून मोलाची आहे: बांगड्यालाही सुरमईएवढाच बर्फ, आणि गाडी अडकली तर नऊच्या आत पुरवठादाराचा स्वतःहून फोन. ‘अर्ध्या तासात येतो’ हे खोटं आश्वासन मिळालं नसतं, तर बाजारात माणूस तासभर आधी गेला असता आणि कोळंबीही मिळाली असती.

लहान उपाहारगृह चालवणाऱ्यांना एकच सांगणं आहे. आज रात्री मासळीची, भाजीची, दुधाची ऑर्डर पाठवाल तेव्हा किलोंच्या खाली माल पोचण्याची वेळ लिहा, आणि ‘यानंतर आल्यास झालेला खर्च वळता केला जाईल’ ही ओळ जोडा. पुरवठादाराकडून त्यावर ‘ठीक आहे’ एवढं उत्तर येऊ द्या. आणि उद्या सकाळी मागच्या दाराला थर्मामीटर टांगा.